वर्गणीची शीट आणि ग्रुपवरची नोटीस

सोसायटीच्या किंवा आळीतल्या क्रिकेट क्लबचा हिशेब पूर्वी खजिनदाराच्या वहीत असायचा. आता तो बहुतेक ठिकाणी फोनवर उघडणाऱ्या गुगल शीटमध्ये असतो. शीट तयार झाली की ग्रुपवर एक ओळ पडते, ‘लिंकवर जाऊन आपापली एन्ट्री करा.’ मग कुणाला लिंकच उघडत नाही, कुणी शेजारच्याच्या ओळीत रक्कम भरतो, कुणी पैसे पाठवायच्या आधीच एन्ट्री करून मोकळा होतो. महिनाअखेरीला एकूण जमा जुळत नाही आणि खजिनदार पुन्हा वही काढून बसतो. अशा वेळी दोष शीटला दिला जातो. खरं तर चूक त्या एका ओळीची असते. कुणी, कोणत्या रकान्यात, काय लिहायचं आणि ते पक्कं कधी धरायचं, यातलं काहीच ती ओळ सांगत नाही.

चांगली नोटीस लहानच असते, पण तिच्यामागे शीटची मांडणी ठरलेली असावी लागते. म्हणून आधी शीट पाहू आणि मग नोटीस.

शीटमध्ये काय असावं

समजा, क्लबात २२ सभासद आहेत आणि महिन्याची वर्गणी ४०० रुपये आहे. टेनिस बॉल, मैदानाचं भाडं आणि स्पर्धांची एन्ट्री फी यातूनच भागते. प्रत्येक महिन्यासाठी शीटच्या तळाशी एक वेगळं पान ठेवायचं आणि त्यावर सात रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात सभासदाचं नाव, दुसऱ्यात देय रक्कम, तिसऱ्यात भरलेली रक्कम, चौथ्यात तारीख, पाचव्यात व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा ‘रोख’ हा शब्द, सहाव्यात खजिनदाराची खूण आणि सातव्यात बाकी.

यातले फक्त तीन रकाने सभासदांचे आहेत. रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक. उरलेले चार खजिनदाराचे. ‘मी भरले’ आणि ‘मला मिळाले’ ही दोन वेगळी विधानं आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांनी करायची असतात, म्हणून त्यांचे रकानेही वेगळे हवेत. सभासदानं रक्कम लिहिली म्हणून बाकी शून्य होऊ नये. खजिनदारानं खात्यात पैसे पाहून खूण केली, तरच ती उतरावी. दुसऱ्या ओळीतल्या सभासदासाठी बाकीच्या रकान्यात हे सूत्र बसतं, आणि एकूण जमेसाठी, २२ सभासद दोन ते तेवीस या ओळींत असल्यामुळे, त्याखालचं:

```
=IF(F2,B2-C2,B2)
=SUMIF(F2:F23,TRUE,C2:C23)
```

पहिलं सूत्र सांगतं की खूण असेल तर देय रकमेतून भरलेली रक्कम वजा कर, नसेल तर पूर्ण देय रक्कम बाकी दाखव. दुसरं सूत्र फक्त खूण झालेल्या ओळींची रक्कम मिळवतं.

खजिनदाराच्या चार रकान्यांना कुलूप लावता येतं, पण त्यासाठी एकदा कॉम्प्युटरवर बसावं लागतं. तिथे `Data` मध्ये `Protect sheets and ranges` आहे. ते रकाने निवडून फक्त खजिनदाराला परवानगी ठेवली की फोनवरून दुसऱ्या कुणाचं बोट चुकून तिथे पडलं तरी काही बदलत नाही. शीट नकार देते.

आता नोटीस

ग्रुपवर पाठवायची नोटीस अशी असू शकते:

> सर्व सभासदांना नमस्कार.
>
> १. या महिन्याची वर्गणी ₹४००. १० तारखेपर्यंत भरावी.
>
> २. आधी पैसे पाठवा, मग शीट उघडा. लिंक ग्रुपच्या माहितीत कायम ठेवली आहे.
>
> ३. फोनवर गुगल शीट्सचं अ‍ॅप हवं. तुम्ही क्लबला दिलेल्या जीमेल खात्यानेच उघडा. Request access असं दिसलं तर ते बटण दाबू नका, आधी खातं बदलून पाहा.
>
> ४. फक्त आपल्या नावासमोर, फक्त पिवळ्या तीन रकान्यांत लिहा. रक्कम: 400 (फक्त इंग्रजी आकडे, पुढे-मागे काही नाही). तारीख: 7/8 अशी, आधी दिवस, मग महिना. व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा ‘रोख’.
>
> ५. लिहून झाल्यावर बरोबरची खूण दाबा. वेगळं सेव्ह करावं लागत नाही.
>
> ६. शीटमध्ये फिल्टर किंवा सॉर्ट लावू नका. शीट डाउनलोड करून ग्रुपवर टाकू नका.
>
> ७. खजिनदारांची खूण आली की वर्गणी जमा धरली जाईल. दोन दिवसांत खूण आली नाही तर खजिनदारांना फोन करा.

एवढंच. यातली प्रत्येक ओळ एखाद्या हमखास होणाऱ्या चुकीवर बेतलेली आहे. त्या चुका कशा होतात हे कळलं, तर आपल्या क्लबपुरता मजकूर बदलणंही सोपं जातं.

लिंक उघडत नाही, म्हणजे काय होतं?

शीट कुणाला दिसावी हे `Share` या बटणामागे ठरतं. तिथे दोन मुख्य पर्याय आहेत. `Anyone with the link` ठेवलं तर लिंक असलेल्या कुणालाही शीट उघडते. `Restricted` ठेवलं तर ज्यांचे ईमेल पत्ते यादीत घातले आहेत त्यांनाच ती उघडते. पहिला मार्ग सोपा दिसतो, म्हणून बहुतेक क्लब तोच धरतात आणि सोबत सगळ्यांना `Editor` म्हणजे बदल करण्याचा हक्कही देऊन टाकतात. त्यात दोन अडचणी आहेत. लिंक एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली की कुणाची किती बाकी आहे हे सगळ्या परिसराला कळतं. शिवाय गुगल खात्यात लॉगिन न करता कुणी बदल केला, तर तो कुणी केला याचं नाव नोंदीत मिळत नाही.

बावीस जणांच्या क्लबासाठी `Restricted` बरं. प्रत्येकाचा एक जीमेल पत्ता एकदाच गोळा करायचा, तो यादीत घालायचा आणि त्याला `Editor` करायचं. हा त्रास एकदाच होतो, पण त्यामुळे पुढे प्रत्येक बदलासमोर नाव राहतं.

या मार्गात एकच गोष्ट वारंवार अडते. बऱ्याच फोनमध्ये दोन किंवा तीन गुगल खाती असतात. एक स्वतःचं, एक ऑफिसचं, कधी घरातल्या कुणाचं. सभासदानं क्लबला स्वतःचा पत्ता दिलेला असतो आणि अ‍ॅप मात्र ऑफिसच्या खात्यानं उघडलेलं असतं. शीट त्या खात्याला ओळखत नाही आणि परवानगी मागायला सांगते. सभासद `Request access` दाबतो. खजिनदाराला त्या दुसऱ्या पत्त्यावरून ईमेल येतो, तो घाईत मंजुरी देतो, आणि काही महिन्यांत यादीत एकेका माणसाचे दोन-तीन पत्ते जमा होतात. कुणी क्लब सोडला तर त्यातला कुठला काढायचा हेही मग कळत नाही. उपाय साधा आहे. गुगल शीट्स अ‍ॅपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात खात्याचं छोटं गोल चित्र असतं. त्यावर बोट ठेवलं की फोनमधली सगळी खाती दिसतात. योग्य खातं निवडायचं आणि मग लिंक पुन्हा उघडायची.

अ‍ॅपचा आग्रहही विनाकारण नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये शीट पाहता येते, पण तिथे लिहिणं अडखळतं आणि सभासदाला वाटतं की आपल्याला परवानगीच नाही. लिहायचं असेल तर अ‍ॅपच वापरावं.

डाउनलोड करू नका, असं सांगण्यामागचं कारण वेगळं आहे. एखादा सभासद शीटची फाइल डाउनलोड करून त्यात आपली रक्कम भरतो आणि ग्रुपवर परत टाकतो. ती फाइल ही एक प्रत असते. मूळ शीटशी तिचा संबंध तुटलेला असतो. पुढचा सभासद त्या प्रतीत आपली रक्कम भरतो, आणि आता क्लबच्या दोन शीट झालेल्या असतात. दोन्ही अपुऱ्या. ग्रुपवर कधीच फाइल टाकू नये, फक्त लिंक ठेवावी, आणि तीही ग्रुपच्या माहितीत म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये. चॅटमध्ये टाकलेली लिंक दोन दिवसांत मेसेजखाली गाडली जाते.

फोनवर रकाना भरताना

फोनवर लिहायची कृती तीन पावलांची आहे. आपल्या नावाच्या ओळीतल्या चौकोनावर एकदा बोट ठेवलं की तो निवडला जातो. पुन्हा दोनदा टॅप केलं, किंवा खाली येणाऱ्या लिहिण्याच्या पट्टीवर टॅप केलं, की कीबोर्ड येतो. लिहून झाल्यावर पट्टीशेजारची बरोबरची खूण दाबायची. चुकीच्या चौकोनात लिहिलं गेलं तर लगेच वरचा मागे वळलेला बाण दाबावा, शेवटचा बदल मागे घेतला जातो.

फोनवर ओळी बारीक दिसतात आणि उजवीकडे सरकताना नाव नजरेआड जातं. शेजारच्या ओळीत रक्कम पडते ती यामुळेच. म्हणून नावाचा रकाना आणि वरची शीर्षकाची ओळ गोठवून ठेवावी. कॉम्प्युटरवर `View` मध्ये `Freeze` आहे. मग शीट कितीही सरकवली तरी नाव डावीकडे तसंच राहतं. सभासदांच्या तीन रकान्यांना पिवळा रंग दिला तर नोटिशीत ‘पिवळे रकाने’ एवढं म्हटलं तरी पुरतं, अ-ब-क सांगत बसावं लागत नाही.

चारशे रुपये कुठे गेले?

आता एक हिशेब नीट पाहू. दहा तारीख आली. २२ सभासदांपैकी १८ जणांच्या ओळीत खजिनदाराची खूण आहे. १८ जणांचे प्रत्येकी ४०० म्हणजे ७,२०० रुपये. बँकेचं खातं आणि रोख मिळून खजिनदाराच्या हाती तेवढेच आले आहेत. शीट मात्र एकूण जमा ६,८०० दाखवते. चारशे रुपये कमी.

शीटनं बेरीज चुकवलेली नाही. एका सभासदानं रक्कम ‘400/-’ अशी लिहिली आहे. चेकवर आणि पावतीवर लिहायची आपली सवयच तशी. पण पुढे तिरपी रेघ आली की शीटला तो आकडा वाटत नाही, ती त्याला मजकूर समजते. बेरजेचं सूत्र मजकूर मुकाट्यानं सोडून देतं. चूक दाखवत नाही, फक्त कमी रक्कम सांगतं. त्याच सभासदाच्या बाकीच्या रकान्यात मात्र `#VALUE!` असं दिसतं, कारण तिथे वजाबाकी करायची आहे आणि मजकूर वजा करता येत नाही. म्हणून एकूण जमा जुळली नाही तर सगळ्या ओळी तपासत बसू नये. बाकीच्या रकान्यात `#VALUE!` कुठे आहे ते आधी पाहावं. त्या ओळीत ‘400/-’ च्या जागी 400 लिहिलं की एकूण लगेच ७,२०० होतं आणि बाकी शून्य.

आकडा की मजकूर हे ओळखायची एक नजरेची खूण आहे. कुणी मुद्दाम मांडणी बदलली नसेल, तर शीट आकडे रकान्याच्या उजव्या कडेला लावते आणि मजकूर डाव्या कडेला. रकमेच्या रकान्यात एकच नोंद डावीकडे चिकटलेली दिसली तर गोंधळ तिथे आहे. ‘400 दिले’, ‘चारशे’ या सगळ्यांची जात तीच. मराठी कीबोर्डवरून ‘४००’ उमटत असेल, तर कीबोर्डची भाषा तेवढ्यापुरती बदललेली बरी.

हे सभासदांच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. कॉम्प्युटरवर `Data` मध्ये `Data validation` आहे. रकमेच्या रकान्यावर नियम घालावा की १ ते ५,००० या दरम्यानचा आकडाच चालेल, आणि चुकीच्या नोंदीसाठी `Reject the input` निवडावं. मग ‘400/-’ लिहिणाऱ्याला शीटच अडवते, खजिनदाराला कुणाला टोकावं लागत नाही.

तारीख आणि चार आकडे

तारखेची चूक जास्त फसवी असते, कारण ती दिसत नाही. सभासद 7/8 लिहितो, म्हणजे सात ऑगस्ट. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती हे आठ जुलै समजते, कारण तिकडे आधी महिना लिहितात. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी अशा उलट्या बसतात आणि कुणाला कळत नाही. तेरा तारखेला कुणी 13/8 लिहिलं की तेरावा महिना नसल्यामुळे शीट त्याला मजकूर समजते आणि ती नोंद डावीकडे सरकते. तारखांच्या रकान्यात महिन्याच्या मध्यापासून नोंदी डावीकडे दिसू लागल्या तर कारण हेच. कॉम्प्युटरवर `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` आहे, तिथे `India` निवडावं. हे शीट सुरू करतानाच करायला हवं. आधी उलट्या बसलेल्या तारखा सेटिंग बदलल्यानं आपोआप सुलट होत नाहीत, त्या हातानंच दुरुस्त कराव्या लागतात.

यूपीआयनं पैसे पाठवले की व्यवहाराच्या तपशिलात बारा आकडी क्रमांक मिळतो. बँकेच्या उताऱ्यातही तो दिसतो, म्हणून जुळवणीला तो सर्वांत भरवशाचा. पूर्ण क्रमांक फोनवर उतरवताना चुकतो, म्हणून शेवटचे चार आकडे पुरेत. पण त्यातही एक खोच आहे. ते चार आकडे ‘0427’ असतील तर शीट पुढचं शून्य गाळून 427 ठेवते, कारण तिच्या दृष्टीनं ती संख्या आहे. या एका रकान्याला `Format` मधल्या `Number` मध्ये `Plain text` करून ठेवलं की शून्य टिकतं. रकमेचा रकाना आकडाच हवा आणि क्रमांकाचा रकाना मजकूरच हवा. कारण रकमेची बेरीज करायची असते, क्रमांक फक्त जुळवायचा असतो.

पैसे गेले, पण पोचले नाहीत

उरलेल्या चार जणांपैकी एकानं ४०० लिहिले आहेत, तारीख आहे, क्रमांकही आहे. तरी खूण नाही, कारण खात्यात रक्कम आलेली नाही. सभासद ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. अशा वेळी तो खोटं बोलतो आहे असं समजण्याचं कारण नाही. यूपीआयमध्ये कधी कधी पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि घेणाऱ्याच्या खात्यात जमा होत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये यासाठी मुदत ठरवून दिली आहे. असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. म्हणून नोटिशीत दोन दिवस दिले आहेत. तोवर रक्कम एक तर क्लबच्या खात्यात येते, किंवा सभासदाच्या खात्यात परत जाते. खजिनदारानं खूण करायची ती बँकेचा उतारा पाहून. स्क्रीनशॉट पाहून कधीच नाही, मग तो कुणाचाही असो. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला अविश्वास वाटत नाही. तोवर शीट त्या ओळीत ४०० बाकी दाखवत राहील, आणि ते बरोबरच आहे.

रोखीच्या बाबतीत खजिनदारानं पैसे हातात पडताच तिथल्या तिथे खूण करावी. मैदानावर नेटवर्क नसेल तर शीटला आधीच `Make available offline` करून ठेवता येतं. खूण फोनमध्ये राहते आणि नेटवर्क आल्यावर शीटमध्ये उतरते. मात्र तोवर ती इतरांना दिसत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

नावं गायब झाली तर

शीट उघडल्यावर पाच-सहाच नावं दिसतात आणि ग्रुपवर ओरड होते की कुणी तरी यादी उडवली. बहुतेक वेळा नावं उडालेली नसतात. कुणी तरी आपलं नाव चटकन सापडावं म्हणून फिल्टर लावलेला असतो. शीटमधला साधा फिल्टर लावणाऱ्यापुरता नसतो, तो सगळ्यांनाच दिसतो. ओळींचे क्रमांक पाहिले की खात्री पटते. तीननंतर एकदम नऊ आलं, तर मधल्या ओळी लपल्या आहेत, पुसलेल्या नाहीत. फिल्टर काढला की त्या परत येतात.

खरोखरच काही पुसलं गेलं तर कॉम्प्युटरवर `File` मधल्या `Version history` मध्ये जुनी शीट पाहता येते आणि परतही आणता येते. कुठला बदल कुणाच्या खात्यातून झाला हेही तिथे दिसतं. पण संपूर्ण जुनी शीट परत आणली तर मधल्या वेळात इतरांनी केलेल्या नोंदीही जातात. म्हणून हरवलेली ओळ एकटीच असेल तर जुन्या शीटमधून ती वाचून पुन्हा लिहावी.

या सगळ्याची एक मर्यादाही सांगायला हवी. रकान्यांना लावलेलं कुलूप चुकून होणारे बदल थांबवतं, पण शीट पाहण्यापासून किंवा तिची प्रत करण्यापासून ते कुणाला रोखत नाही. म्हणून सभासदांचे फोन नंबर, घरचे पत्ते किंवा बँक खात्याचे तपशील या शीटमध्ये ठेवू नयेत. वर्गणीच्या शीटमध्ये वर्गणीच असावी.

नोटीस ग्रुपवर टाकण्याआधी एक काम जरूर करा. क्लबमधल्या एका ज्येष्ठ सभासदाच्या हातात त्यांचाच फोन द्या, नोटीस वाचायला सांगा आणि त्यांना स्वतःची नोंद करू द्या. तुम्ही काही बोलू नका. ते जिथे अडतील, तीच ओळ नोटिशीत बदला.